रिव्ह्यू पिवळा पडतो तेव्हा

जर्नल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ब्राऊन पेपरचं कव्हर, शेवटच्या रात्री कुणाचं तरी बघून उतरवलेली ऑब्झर्व्हेशन्स आणि सकाळी लॅबच्या दारात सहीसाठी लागलेली रांग. त्यामुळे पाचव्या सेमिस्टरच्या इलेक्टिव्हमध्ये सर म्हणाले, “एका जर्नल आर्टिकलचा क्रिटिकल रिव्ह्यू लिहा,” तेव्हा वर्गातल्या निम्म्या लोकांनी ते जर्नल जसं उतरवतात तसंच हेही उतरवलं. माझ्यासकट. आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या मराठीला हॉस्टेलमध्ये सगळे हसतात. पण संपादिकाबाई म्हणाल्या की चुका आम्ही दुरुस्त करू, तू लिही. म्हणून हे धाडस.

तर झालं असं. रिव्ह्यू लिहून झाल्यावर सरांनी ते आपसात बदलले आणि म्हणाले, आता एकमेकांचे तपासा, वीसपैकी मार्क द्या, आणि का दिले तेही लिहा. माझ्या वाट्याला नेमका माझ्या रूममेटचा रिव्ह्यू आला. सहा पानं, सुंदर टाइप केलेली, उपशीर्षकं ठळक, मार्जिन बरोबर. मी सतरा दिले. शेरा लिहिला, “लेखाचा आशय अतिशय सुस्पष्ट मांडला आहे.” दोन दिवसांनी माझी तपासणीच परत आली. सरांनी माझ्या शेऱ्याखाली पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती: “आशय लेखकांचा आहे. तुझ्या मैत्रिणीचं यात काय आहे?”

खरं सांगते, राग आला होता. पण त्या रात्री मेसमधून आल्यावर दोन हायलायटर घेऊन बसले, पिवळा आणि हिरवा. नियम सोपा ठेवला. जे वाक्य मूळ लेख वाचून कुणालाही लिहिता येईल, ते पिवळं. ज्या वाक्यात लेखाच्या एखाद्या दाव्याबद्दल काही मत आहे आणि ते मत का आहे हेही सांगितलंय, ते हिरवं. अर्ध्या तासात सहा पानं पिवळीधमक झाली. कावीळ झाल्यासारखी. काही वाक्यांना मात्र कुठला रंग द्यावा तेच कळेना, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. हिरवा हायलायटर मी एकदाच उघडला, आणि तोही अर्ध्या वाक्यासाठी.

आधी लेख कुठला ते सांगायला हवं. ‘ग्रोथ इन अ टाइम ऑफ डेट’, लेखक कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये २०१० साली छापून आलेला. सरकारच्या डोक्यावरचं कर्ज आणि देशाच्या अर्थव्यवस्थेची वाढ यांचा संबंध काय, हा विषय. कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या किती टक्के आहे यावरून लेखकांनी वर्षांचे चार गट पाडले: ३० टक्क्यांच्या आत, ३० ते ६०, ६० ते ९० आणि ९० च्या वर. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या २० प्रगत देशांत पहिल्या तीन गटांची सरासरी वाढ ४.१, २.८, २.८ टक्के आली, आणि ९० च्या वर गेल्यावर ती एकदम उणे ०.१. म्हणजे कडेलोटच. २००८ च्या मंदीनंतर सरकारांनी खर्च करावा की काटकसर, हा वाद जगभर तापलेला होता, आणि काटकसरवाल्यांनी हा ९० चा आकडा भरपूर वापरला.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट कॅम्पसमध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने कोर्सवर्क म्हणून हाच लेख घेतला. त्यातले आकडे पुन्हा काढून बघायचे होते. ते जुळेनात. त्याने लेखकांकडे त्यांची शीट मागितली, त्यांनी ती दिली (हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं), आणि २०१३ मध्ये त्याने मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन या आपल्या प्राध्यापकांबरोबर टीकेचा पेपर लिहिला. आपल्यासारख्याच एका विद्यार्थ्याची असाइनमेंट होती ती. आपली फाइलला लागते, त्याची जगभर गाजली.

आमच्या सरांनी डोकं लढवलं होतं. मूळ लेख दिला, ९० च्या वरच्या गटातले देशवार आकडे दिले, तसल्याच मांडणीची एक शीट कॉम्प्युटर लॅबमध्ये ठेवली. टीकाकारांचा पेपर मात्र मुद्दाम दिला नाही. तुम्हाला काय दिसतं ते लिहा, म्हणाले.

आता रूममेटच्या रिव्ह्यूकडे. पिवळी वाक्यं अशी होती: “लेखकांनी ४४ देशांची सुमारे दोनशे वर्षांची आकडेवारी वापरली आहे.” “लेखकांच्या मते कर्ज ९० टक्क्यांच्या वर गेल्यास वाढ मंदावते.” अशी वाक्यं वाईट नसतात. थोडी लागतातच, नाहीतर वाचणाऱ्याला कळणार कसं की आपण कशाबद्दल बोलतोय. सहा पानांत एक पान पिवळं असावं, फार तर सव्वा. गंमत म्हणजे पिवळं वाक्य ओळखायला क्रियापद बघावं. मांडतात, सांगतात, दाखवतात, निष्कर्ष काढतात. कर्ता सगळीकडे ‘लेखक’. रिव्ह्यू लिहिणारी स्वतः कुठेच नाही.

एक वाक्य तर मला फसवून गेलं. “लेखकांनी प्रभावीपणे दाखवून दिले आहे की अति कर्ज घातक असते.” मी ते हिरवं करणार होते, कारण ‘प्रभावीपणे’ म्हणजे मतच की! मग ‘प्रभावीपणे’ काढून वाक्य वाचलं. काहीच बदललं नाही. प्रभाव कुणावर पडला, कशामुळे पडला, काही नाही. पिवळ्या वाक्याला विशेषण चिकटवलं की ते हिरवं होत नाही. आपल्याकडच्या नव्वद टक्के रिव्ह्यूंमधली टीका म्हणजे हीच विशेषणं असतात असं माझं मत आहे. (हा नव्वदचा आकडा माझा, कुठल्याही शीटमधला नाही.)

आणि रंग न सापडलेली वाक्यं? “अभ्यासात अधिक देशांचा समावेश करता आला असता.” “पुढील संशोधनास वाव आहे.” “भाषा थोडी सोपी हवी होती.” ही दिसायला टीका असते. पण मी एक प्रयोग केला. ही तिन्ही वाक्यं शेजारच्या रूममधल्या मुलीच्या रिव्ह्यूमध्ये टाकून बघितली. तिचा लेख काँक्रीटमध्ये फ्लाय अ‍ॅश घालण्यावर होता. ‘देशांचा’च्या जागी ‘नमुन्यांचा’ लिहिलं, बस्स, मस्त बसली. जी टीका कर्जालाही चालते आणि काँक्रीटलाही चालते ती दोन्हीपैकी एकही लेख न वाचता करता येते. तिला मार्क शून्य. माझं हे मत मैत्रिणींना कठोर वाटतं, पण मी त्यावर ठाम आहे.

आता ते हिरवं अर्धं वाक्य. पाचव्या पानावर, तक्त्याच्या खाली: “न्यूझीलंडचा आकडा इतरांपेक्षा बराच वेगळा असल्याचे दिसते.” पूर्णविराम. पुढचा परिच्छेद पुन्हा “लेखक पुढे म्हणतात”ने सुरू. मी तिला उठवलं. रात्री साडेबारा वाजले होते.

“अगं, हे न्यूझीलंडचं काय?”

“काय माहीत, विचित्र वाटलं म्हणून लिहिलं.”

“मग पुढे काय?”

“पुढे काय म्हणजे? एवढे मोठे लोक, त्यांनी बघितलंच असेल ना.”

दारात पोचून माणूस परत फिरतो तो असा. मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. लेखकांच्या हिशोबात ९० च्या वरच्या गटात सातच देश येत होते. देशवार सरासरी वाढ अशी: ग्रीस २.९, आयर्लंड २.४, इटली १.०, जपान ०.७, ब्रिटन २.४, अमेरिका उणे २.०, आणि न्यूझीलंड उणे ७.६. बेरीज करा. उणे ०.२ येते. सातने भागलं की जवळजवळ शून्य. (शीटमध्ये न्यूझीलंडचा आकडा उतरवताना ७.६ च्या जागी ७.९ पडला होता, तो घेतला की बरोबर लेखातलं उणे ०.१ येतं. उतरवताना चुका फक्त आपल्याच जर्नलमध्ये होत नाहीत.) आता न्यूझीलंड बाजूला ठेवा. उरलेल्या सहा देशांची बेरीज ७.४, सरासरी १.२. म्हणजे तो उणे ०.१ चा कडेलोट ज्याच्यावर उभा आहे तो एकच देश आहे.

मग वर्षांचा रकाना बघितला. ब्रिटनची १९ वर्षं. ग्रीसची १९. न्यूझीलंडचं? एक. फक्त १९५१. लेखकांनी आधी प्रत्येक देशाची सरासरी काढली आणि मग सगळ्या देशांना सारखं वजन दिलं, त्यामुळे न्यूझीलंडचं एक वर्ष आणि ब्रिटनची एकोणीस वर्षं एका तागडीत सारखी. एका मुलीने सेमिस्टरभरात एकच टेस्ट दिली आणि दुसरीने एकोणीस, आणि वर्गाची सरासरी काढताना दोघींची सरासरी सारखीच धरली, तसं. बरं, न्यूझीलंडची अशी वर्षं खरं तर पाच होती. १९४६ ते १९४९ ची चार गणतीत आलीच नव्हती. ती घेतली की त्या देशाची सरासरी उणे ७.६ वरून थेट अधिक २.६ वर जाते.

रूममेट म्हणाली, “म्हणजे माझं वाक्य बरोबर होतं!” होतंच ना. पण “वेगळा दिसतो” हे नुसतं बघणं झालं. “हा एक आकडा काढला तर सरासरी उणे ०.१ ऐवजी १.२ येते, आणि तो एकाच वर्षाचा आहे, म्हणून कडेलोटाचा दावा या तक्त्यावर टिकत नाही” हे परीक्षण. दोन्हींत अंतर आहे ते दहा मिनिटांच्या बेरीज-भागाकाराचं. तिसरीतल्या गणिताचं! रिव्ह्यू तपासताना मी आता तेच शोधते: लिहिणारीने काहीतरी करून बघितलंय का, आणि ते केल्यावर लेखाचा निष्कर्ष किती हलला हे सांगितलंय का.

दुसऱ्या टोकाचे रिव्ह्यूही वर्गात होते, आणि त्यांच्यावर मला जास्त राग आहे. काही मुलांनी हुशारी केली. इंटरनेटवर शोधलं, त्यांना कळलं की या लेखात एक्सेलची प्रसिद्ध चूक सापडली होती, आणि त्यांनी ठोकून दिलं: “लेखात एक्सेलची गंभीर चूक असल्याने निष्कर्ष संपूर्णपणे चुकीचे आहेत.” आमच्या वर्गात या वाक्याला टाळ्या पडल्या. चूक खरीच आहे. लॅबमधल्या शीटमध्ये सरासरीच्या खान्यावर क्लिक केलं की दिसते. हवं होतं हे:

```
=AVERAGE(L30:L49)
```

आणि होतं हे:

```
=AVERAGE(L30:L44)
```

पाच ओळी सुटल्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे देश गणतीतून गेले. ऐकायला भयंकर. पण आता पुन्हा तोच प्रश्न विचारा, निष्कर्ष किती हलला? या पाचांपैकी ९० च्या वरच्या गटात आकडा होता तो फक्त बेल्जियमचा, २.६. (ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाची त्या गटातली १९४६ ते १९५० ची वर्षं आधीच वगळलेली होती.) सात देशांची बेरीज ७.९ वाला आकडा धरून उणे ०.५, त्यात २.६ मिळवा, आठने भागा. उत्तर येतं ०.३. म्हणजे एक्सेलची जगप्रसिद्ध चूक एकटी दुरुस्त केली तर सरासरी उणे ०.१ वरून ०.३ पर्यंतच सरकते. कडेलोट जवळपास तसाच राहतो! गाजली ती चूक, पण भारी पडलं ते न्यूझीलंड. वगळलेली सगळी वर्षं परत घेऊन दहा देशांना सारखं वजन दिलं की सरासरी १.९ येते, आणि देशांऐवजी प्रत्येक वर्षाला सारखं वजन दिलं की २.२.

ज्यांनी फक्त एक्सेलबद्दल लिहिलं त्यांनीही सारांशच लिहिला होता. लेखाचा नाही, बातमीचा. जोरात ओरडलं म्हणजे परीक्षण झालं असं नाही.

आणि एक गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. २.२ हा आकडा टीकाकारांचा. त्यांच्याच हिशोबात ६० ते ९० च्या गटाची वाढ ३.२ येते. म्हणजे जास्त कर्ज असलेल्या वर्षांत वाढ कमी आहेच, फक्त कडा नाही, उतार आहे. शिवाय प्रत्येक वर्षाला सारखं वजन देणं हेही काही देवाने सांगितलेलं नाही. तसं केलं तर बेल्जियमची २५ वर्षं, ब्रिटन आणि ग्रीसची एकोणीस-एकोणीस, हेच सगळं ठरवतात, आणि एका देशाची लागोपाठची वर्षं एकमेकांसारखीच असतात, पंचवीस वेगळे पुरावे म्हणून ती मोजता येत नाहीत. राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी एक्सेलची चूक मान्य केली पण वजनांच्या बाबतीत आपली बाजू सोडली नाही, आणि त्या मुद्द्यात अगदीच तथ्य नाही असं मला वाटत नाही. त्यांनी मूळ लेखात सरासरीबरोबर मध्यकही दिला होता, आणि मध्यकाला एखाद्या टोकाच्या आकड्याने फारसा फरक पडत नाही. त्यातही ९० च्या वर वाढ साधारण एका टक्क्याने कमीच दिसत होती. लेखाची सगळ्यात मजबूत बाजू कोणती हे ज्या रिव्ह्यूमध्ये नाही तो मला आता अर्धाच वाटतो.

अमेरिकेचा आकडाही असाच बघण्यासारखा. चारच वर्षं, सरासरी उणे २.०. युद्ध नुकतंच संपलेलं, युद्धाचा खर्च आणि उत्पादन एकदम आटलं, सैनिक घरी आले. कर्ज युद्धाचं, घसरण युद्ध संपल्याची. कर्जामुळे वाढ घटली असं या चार वर्षांवरून कसं म्हणणार? उलटही होऊ शकतं: वाढ मंदावली की उत्पन्न कमी पडतं, आणि भागाकारात छेद लहान झाला की टक्केवारी आपोआप फुगते. हे लिहायला शीटसुद्धा लागत नाही. लेख आणि शाळेतला इतिहास पुरतो. वर्गातल्या एकाही रिव्ह्यूमध्ये हे नव्हतं, माझ्याही नाही.

आता तक्रार. आम्हाला दिलेला मार्कांचा कागद असा होता: फॉरमॅट ५, आशय १०, सादरीकरण ५. यात परीक्षणाला जागा कुठेय? सारांश सुबक टाइप केला की वीसपैकी पंधरा खिशात. मुलं आळशी आहेत असं म्हणणं सोपं आहे, पण मार्क जिथे आहेत तिथे मुलं जातात, हॉस्टेलमध्ये गरम पाणी ज्या मजल्यावर येतं तिथे जातात तशी. माझी सूचना अशी की फॉरमॅटला दोन द्या, सारांशाला चार, आणि उरलेले चौदा फक्त एका गोष्टीला: लेखातला एक दावा निवडा, तो कुठल्या आकड्यावर किंवा गृहितावर उभा आहे ते दाखवा, ते हलवून बघा, आणि दावा किती हलला ते लिहा. एकच दावा. तीन पानं पुरतात. तपासणाऱ्या सरांचेही डोळे वाचतील. स्टाफरूममध्ये हे वाचलं जातं असं ऐकलंय, म्हणून मुद्दाम लिहितेय.

कुणी म्हणेल, आम्ही पडलो टीई-बीईची पोरं, मोठ्यांचे लेख हलवून बघायची आमची लायकी आहे का? सगळ्याच लेखांत हे जमत नाही, कबूल. ज्यात कच्चे आकडे दिलेलेच नाहीत तिथे बेरीज तरी कशाची करणार. पण मग तेच लिहायचं: अमुक दावा अमुक ग्राफवर उभा आहे आणि त्या ग्राफमागचे आकडे, चाचण्यांची संख्या, दिलेली नाही, म्हणून मला तो तपासता येत नाही. फ्लाय अ‍ॅशवाल्या मुलीच्या लेखात ताकदीचे आकडे होते, पण प्रत्येक आकडा किती क्यूब फोडून काढलाय तेच नव्हतं. तिने ते लिहिलं होतं, एका ओळीत. ती ओळ मी हिरवी केली.

रूममेटने रिव्ह्यू पुन्हा लिहिला. अडीच पानं. त्यात न्यूझीलंड आहे, सातने भागणं आहे, एक्सेलच्या चुकीला तिने चार ओळींत गुंडाळलंय, आणि १.९ आणि २.२ मधला फरक का पडतो तेही आहे. मी पुन्हा तपासला आणि चौदा दिले. आधीच्या पिवळ्या रिव्ह्यूला सतरा आणि याला चौदा, म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला सांगितलं की सतरा ही माझी चूक होती, त्याला आज सहा दिले असते. याचे सहा गेले कारण मध्यकाबद्दल एक अक्षर नाही. ती म्हणते मध्यकाचे सहा मार्क जातात कुठे, फार तर तीन. काल रात्री ती त्याच तक्त्यावरून मध्यक काढत बसली होती.